गल्ल्यावरचा पहिला शब्द

बोईसर स्टेशनच्या पश्चिमेला आमचे हार्डवेअरचे दुकान आहे. एका उन्हाळ्यात सकाळी साडेदहाच्या सुमारास चिंचणीकडच्या एका किनारी गावातून एक वयस्क बाई दुकानात आल्या. मी मागे गोदामात होतो आणि गल्ल्यावर माझा मुलगा बसला होता. त्याने मान वर करून विचारले, "बोलो आंटी, क्या चाहिए?" बाई म्हणाल्या, "पानी काढाचा पाइप पायजे." मुलाच्या कानाने त्यातला 'पानी' तेवढा टिपला आणि तो हिंदीतच पुढे बोलत राहिला. कितना फूट, कौन सा मोटर, एक इंच चलेगा क्या. बाईही मग त्याच्यासाठी हिंदीत आल्या. तीस फूट पाइप ठरला. भाव विचारला तेव्हा तो म्हणाला, "उनचास रुपया फूट." बाईंनी मान डोलावली आणि त्याने पाइप मोजून कापला.

बिल झाले १४७० रुपयांचे. बाईंच्या हातात मोजून आणलेले १२०० रुपये होते. त्यांच्या हिशेबाने बिल ११७० व्हायला हवे होते, कारण 'उनचास' त्यांनी एकोणचाळीस असा ऐकला होता. हिंदीत एकोणचाळीसला 'उनतालीस' म्हणतात आणि एकोणपन्नासला 'उनचास'. हिंदी ज्याची घरची भाषा नाही, त्याला हे दोन शब्द जुळ्या भावांसारखे वाटतात. फुटामागे १० रुपयांचा फरक पडला आणि तीस फुटांना ३०० रुपयांचा. आवाज चढल्यावर मी बाहेर आलो. "तुमने उनचास बोला," असे बाई म्हणत होत्या आणि "उनचास ही लगाया है," असे मुलगा म्हणत होता. दोघेही खरेच बोलत होते. कापलेला पाइप परत रिळावर चढत नाही आणि फसवले गेल्याचा संशय मनातून सहज उतरत नाही. मी म्हणालो, "मावशी, एकोणपन्नास रुपये फूट." त्या क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या. "मग एकोणपन्नास सांगा ना, शेठ!"

२७० रुपये वहीत मांडून मी पाइप त्यांच्या हवाली केला. पण त्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक कमी झाल्यावर मुलाने एक साधा प्रश्न विचारला आणि मला त्याचे उत्तर पटकन देता आले नाही. "पप्पा, मला कसे कळणार होते की त्या मराठी आहेत?"

हा प्रश्न आपल्या समाजातील जवळजवळ प्रत्येक दुकानदाराचा आहे, पण पालघर-बोईसर पट्ट्यात तो फार टोकदार होतो. पश्चिमेला किनाऱ्यावर मच्छीमार, भंडारी, वाडवळ यांची गावे आहेत. पूर्वेला मनोरच्या बाजूने वारली आणि इतर आदिवासींचे पाडे आहेत. मधे तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. तिथे उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथून आलेले कामगार राबतात. १९६९ पासून वीज देणाऱ्या तारापूर अणुवीज केंद्रामुळे देशाच्या सर्व कोपऱ्यांतील अभियंत्यांची कुटुंबे येथे वसली. उत्तरेला गुजरातची हद्द जवळच आहे. १६ एप्रिल २०१३ रोजी डहाणू रोडपर्यंत उपनगरी लोकल सुरू झाली आणि मुंबईचे माणूस आणि मुंबईची हिंदी दोन्ही आमच्या दारात उतरू लागली. गाडीत स्टेशनचे नाव मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत पुकारता येते. दुकानदाराला मात्र समोर आलेल्या माणसासाठी तिघांपैकी एकीनेच सुरुवात करावी लागते आणि तीही एका श्वासात.

आपण ती कशी निवडतो? पोशाखावरून, वर्णावरून, पायातल्या चपलेवरून, सोबतच्या माणसांवरून. अंगावर इस्त्रीचा शर्ट आणि गळ्यात ओळखपत्र असेल तर तोंडातून 'येस सर' निघते. डोक्यावर पाटी असेल तर 'क्या है, बोल'. कपड्यांचा हा अंदाज किती वेळा चुकतो, हे गल्ल्यावर बसणाऱ्याने स्वतःशी कबूल करावे. अणुवीज केंद्राच्या वसाहतीतील एक गृहस्थ वर्षभर आमच्याकडे येत आणि मी त्यांच्याशी मोडक्या इंग्रजीत बोलत असे. एकदा त्यांचा फोन वाजला आणि ते अस्खलित वऱ्हाडीत बोलू लागले. मी ओशाळलो आणि तेही हसले. वर्षभर दोघेही एकमेकांच्या सोयीसाठी गैरसोय सोसत होतो.

कानावरही फार भिस्त ठेवता येत नाही. 'ण' आणि 'ळ' नीट उच्चारणारा मराठी आणि न उच्चारणारा परका, असा एक समज आपल्याकडे आहे. तो पुस्तकी मराठीपुरता ठीक आहे. उत्तर कोकणच्या किनाऱ्यावरील अनेक बोलींत 'ण'चा 'न' होतो आणि 'ळ'चा 'ल'. त्यामुळे पाणी हे 'पानी' होते आणि काळा हा 'काला'. म्हणजे येथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसाचे अस्सल मराठी शहरी कानाला हिंदीसारखे ऐकू येते. मुलाने 'पानी' ऐकून हिंदी धरली, त्यात त्याचा दोष थोडा आणि शाळेत ऐकलेल्या एकाच प्रकारच्या मराठीचा दोष अधिक.

मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मला सापडले ते असे: कळणार नाही, आणि कळायची गरजही नाही. चुकलो तर ती चूक दिसेल अशा रीतीने सुरुवात करावी, एवढेच आपल्या हाती आहे.

याचा अर्थ थोडा उलगडून सांगतो. मराठी माणसाशी आपण हिंदीत सुरुवात केली तर बहुतेक वेळा तो हिंदीतच उत्तर देतो. हा त्याचा स्वभाव आहे. समोरच्याला मराठी येत नसेल असे समजून तो आपणहून वाकतो. सौदा होतो, पैसे मिळतात, गिऱ्हाईक निघून जाते. आपण चुकलो हे आपल्याला कधीच कळत नाही. उलट 'पाहा, सगळे हिंदीतच बोलतात' असा पुरावाच हाती लागतो. अशा शंभर चुका जमा होतात, तेव्हा सगळे गावच हिंदी बोलणारे आहे असे आपल्याला वाटू लागते. दोन मराठी येणारी माणसे एकमेकांशी अर्धा तास हिंदीत बोलत बसली आहेत, हे दृश्य बोईसरच्या कोणत्याही रस्त्यावर पाहायला मिळते.

आता उलट बाजू पाहा. बिहारहून महिन्यापूर्वी आलेल्या कामगाराला आपण "या, काय देऊ?" म्हटले, तर तो गोंधळतो. नजर क्षणभर थबकते, तो सोबत्याकडे पाहतो, किंवा सरळ हिंदीत आपली वस्तू सांगतो. चूक तिथल्या तिथे उघडी पडते आणि एका वाक्यात सुधारता येते. एका चुकीची किंमत एक वाक्य आहे. दुसरीची किंमत संपूर्ण संभाषण आहे, आणि कधी कधी ३०० रुपये आणि एका घराचा विश्वासही. व्यापाऱ्याला एवढा हिशेब पुरतो. इंग्रजीचेही तसेच. जिला इंग्रजीच हवी अशी व्यक्ती एक वाक्य थांबू शकते. जिला इंग्रजी येत नाही ती पहिल्याच शब्दाला परकी होते आणि कधी कधी काही न घेताच वळते.

म्हणून आम्ही दुकानात पहिले वाक्य ठरवून घेतले: "नमस्कार, या. काय देऊ?" यातला 'नमस्कार' मराठी माणसाला आपला वाटतो आणि हिंदी भाषिकालाही सहज कळतो. 'या' हे एक अक्षर मराठीची खूण सांगते. 'काय पाहिजे?' मी मुद्दाम टाळले. ते बरोबर असले तरी गल्ल्यावरून जरा दरडावल्यासारखे ऐकू येते. 'काय देऊ?' यात देणारा पुढे होतो. वाक्य लहान असणे महत्त्वाचे आहे, कारण त्यानंतरची खरी मेहनत गप्प राहण्याची आहे. आपण बोलून थांबायचे आणि समोरच्याचे पहिले पूर्ण वाक्य ऐकायचे. मुलाचे चुकले ते तिथेच. त्याने पहिल्या शब्दावर उडी घेतली. 'पानी' नंतरचा 'काढाचा' त्याने ऐकला असता तर शंकाच उरली नसती. नाम कोणत्याही भाषेत सारखे असू शकते. भाषा ओळखू येते ती क्रियापदावरून आणि प्रत्ययावरून.

समजले नाही हे ओळखणेही शिकावे लागते, कारण गिऱ्हाईक ते क्वचितच बोलून दाखवते. प्रत्येक गोष्टीला 'हां, हां' म्हणत जाणे, भाव ऐकून घासाघीस न करणे, वस्तूकडे न पाहता आपल्या ओठांकडे पाहणे, ही त्याची लक्षणे. असे दिसले की तेच वाक्य हिंदीत पुन्हा म्हणावे, इतकेच. "मराठी आती है क्या?" असे विचारू नये. त्या प्रश्नाने दुकानाचे परीक्षा केंद्र होते, आणि आलेला माणूस पाइप घ्यायला आलेला असतो, परीक्षेला नव्हे. भाव मात्र दोनदा सांगावा आणि कागदावर आकडा लिहून दाखवावा. आमच्याकडे आता गल्ल्यावर एक पाटी आणि खडू असतो. आकडा सर्वांना वाचता येतो.

याची एक मर्यादाही आहे आणि ती आपल्यालाच अधिक जाणवते. आपण मराठीत बोललो तरी दुकानाच्या पाटीवरचे नाव किंवा आडनाव वाचून मराठी गिऱ्हाईक हिंदीत उत्तर देते. माझ्या वडिलांचे आयुष्य येथे गेले, ते मराठी वर्तमानपत्र वाचत. पण 'मारवाडी शेठ' म्हटला की लोक आपोआप हिंदीत बोलत. ते शांतपणे मराठीतच पुढे बोलत राहत. चार-पाच वाक्यांत समोरचा परत येई, न आला तरी बिघडत नसे. तेच आपण दुसऱ्याशी करत असतो, हे मात्र आपल्या ध्यानात येत नाही. वीस वर्षे कारखान्यात काढलेला जौनपूरचा फिटर मोठ्या अभिमानाने मराठीत नटबोल्ट मागतो आणि आपण त्याचा उच्चार ऐकून लगेच हिंदीत वळतो. आपल्याला ती सोय वाटते. त्याला वाटते, आपले मराठी नापास झाले.

काही काळापूर्वीपर्यंत हे सारे शिष्टाचाराचे प्रश्न होते. जून २०२५ च्या अखेरीस मीरा रोड येथे एका मिठाईच्या दुकानदाराला मराठी बोलण्यावरून मारहाण झाली, व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवून निषेध केला, त्याला उत्तर म्हणून मराठी संघटनांचा मोर्चा निघाला. आपल्याच लोकलच्या मार्गावरची ही घटना. त्यानंतर आपल्या अनेक घरांत मुलांना सांगितले जाऊ लागले, 'आधी मराठीत बोल, उगाच भानगड नको.' मारहाणीने कोणाचीही भाषा सुधारत नाही, हे माझे स्पष्ट मत आहे. पण भीतीने उच्चारलेला 'नमस्कार' गिऱ्हाइकाला ऐकू येतो. त्यात डोळे खाली असतात आणि पुढचे वाक्य लगेच हिंदीत घसरते. भीतीपोटी पहिला शब्द मराठी झाला आणि पुढचे काहीच बदलले नाही, तर एकोणपन्नासचा घोळ तसाच राहतो.

सरकारी हुकूमाने हा प्रश्न सोडवण्याचा प्रयत्न इतरत्रही झाला आहे. कॅनडातील मॉन्ट्रियल शहरात फ्रेंच आणि इंग्रजी या दोन्ही भाषा चालतात. तेथील दुकानदारांनी 'बोंजूर-हाय' असे जोडस्वागत रूढ केले: दोन्ही शब्द एकत्र म्हणायचे आणि गिऱ्हाईक ज्या भाषेत उत्तर देईल ती पुढे चालवायची. व्यापाऱ्याच्या बुद्धीची ही युक्ती मला आवडते. पण क्वेबेक प्रांताच्या विधानसभेने ३० नोव्हेंबर २०१७ रोजी एकमताने ठराव करून दुकानदारांना केवळ 'बोंजूर'नेच स्वागत करण्याचे आवाहन केले. जोडशब्दाने फ्रेंच हळूहळू पर्यायी होईल, अशी त्यांना चिंता होती. आपल्याकडे 'नमस्कार-नमस्ते' असा जोडशब्द करण्याची गरज नाही. 'नमस्कार' एकटाच दोन्ही कामे करतो.

बाजारातल्या भाषांकडे आपल्या पूर्वाचार्यांनी किती बारकाईने पाहिले होते, याची आठवण येथे होते. आचार्य उद्योतनसूरींनी इ. स. ७७९ मध्ये जालोर येथे 'कुवलयमाला' ही प्राकृत कथा पूर्ण केली. आपल्यापैकी अनेकांची मूळ गावे त्याच परिसरातील. त्या कथेत राजपुत्र विजयापुरीच्या बाजारात येतो आणि तेथे जमलेले देशोदेशीचे व्यापारी पाहतो. मरुदेशाचे, गुर्जर, लाट, कर्नाटक, महाराष्ट्र, आंध्र येथील वाणी आपापल्या बोलीत बोलताहेत. आचार्य प्रत्येकाच्या बोलीतले एक-दोन शब्द टिपतात, आणि मराठ्यांच्या तोंडी घातलेले शब्द आहेत देण्याघेण्याचे. बाराशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका जैन मुनींनी मराठी माणूस ऐकला तो बाजारात, व्यवहार करताना. त्यांनी त्याला परकी भाषा बोलायला लावले नाही. त्याचे क्रियापद ऐकून घेतले.

भाषेइतकीच महत्त्वाची एक गोष्ट आहे आणि तिच्याविषयी आपण कमी बोलतो. ती म्हणजे आदरार्थी रूप. मराठीत 'तुम्ही' हा आदराचा शब्द आहे. हिंदीत त्याच्यासारखा दिसणारा 'तुम' मात्र बरोबरीच्या किंवा लहान माणसासाठी आहे. आदराला 'आप' लागतो. आपल्याकडची मुंबईची हिंदी मराठीच्या साच्यात ओतलेली असल्यामुळे आपण ज्येष्ठ माणसालाही सहज 'तुम बैठो' म्हणतो. लखनौकडचा वृद्ध माणूस ते ऐकून गप्प बसतो, पण दुखावतो. उलट वारली किंवा किनारी बोलीत सर्वांनाच, अगदी वडीलधाऱ्यांनाही, 'तू' म्हणण्याची रीत आढळते. त्यात अनादर मुळीच नसतो. पाड्यावरून आलेली म्हातारी "तू भाव सांग" म्हणते तेव्हा तिला उद्धट समजू नये. आणि तिने 'तू' म्हटले म्हणून आपणही तिला 'तू' म्हणावे, हा अर्थ तर त्यातून मुळीच निघत नाही.

हे लिहिताना मला माझ्याच दुकानाची लाज वाटते. आमच्याकडे वर्षानुवर्षे अभियंत्याला 'आप', मराठी शिक्षकाला 'तुम्ही' आणि लाकूडफाटा विकून खिळे घ्यायला आलेल्या आदिवासी आजोबांना 'तू' असे तीन भाव होते. मालाचे भाव मात्र सर्वांना एकच, असे आम्ही अभिमानाने सांगत होतो. आपल्या साधूंच्या पाच समितींत भाषासमिती आहे. दशवैकालिक सूत्राचे सातवे अध्ययन वाक्यशुद्धीचे असून त्यात मुनींनी स्त्री-पुरुषांना कसे संबोधावे याचा तपशील येतो: तुच्छतादर्शक हाका वर्ज्य, आजी-मावशी अशी नात्याची संबोधनेही वर्ज्य; नाव किंवा गोत्र यांनी यथायोग्य संबोधावे. तो नियम साधूंचा आहे. गृहस्थाचा बाजार काका-मावशीवाचून चालत नाही. पण एका अनोळखी माणसाला हाक कशी मारावी, यावर आपल्या आगमांनी एवढा विचार केला आहे, हे समजल्यावर 'क्या रे, बोल' गल्ल्यावरून उच्चारणे कठीण होते. आता आमच्याकडे मराठीत सर्वांना 'तुम्ही' आणि हिंदीत सर्वांना 'आप' असा नियम आहे. नोकरांच्या तोंडी तो बसायला चार महिने लागले, माझ्या तोंडी सहा.

पाइप नेलेल्या त्या बाई दहाव्या दिवशी परत आल्या. गल्ल्यावर पुन्हा मुलगाच होता. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "नमस्कार मावशी, या." बाईंनी पदराची गाठ सोडत उत्तर दिले, "वो पाइप का पैसा देने का था, बेटा." मुलाने माझ्याकडे पाहिले. त्याला हिंदी भाषिक म्हणून त्यांनी मनात पक्के नोंदवून ठेवले होते. त्याने वही उघडली आणि म्हणाला, "२७० आहेत, मावशी. दोनशे सत्तर." त्या हिंदीतच म्हणाल्या, "हां, मालूम है." मग त्यांनी नोटा काढल्या आणि ओठांतल्या ओठांत मोजू लागल्या: शंभर, दोनशे, अडीचशे, साठ, सत्तर. मोजून झाल्यावर त्या थांबल्या, मुलाकडे नीट पाहिले आणि विचारले, "तुला मराठी येते? मग त्या दिवशी का नाय बोललास?"